२४.४ की २५.५? वीक अ‍ॅसिडच्या एका टायट्रेशन कर्व्हचं प्रकरण

मी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल घेते. फर्स्ट इयरच्या एका जोडीने अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा टायट्रेशन कर्व्ह काढला, आणि एकाच ग्राफवरून दोघांची दोन वेगळी उत्तरं आली. दोघांकडे आपापलं कारण होतं आणि दोन्ही कारणं ऐकायला बरोबर वाटत होती. मला हे प्रकरण नीट लिहून ठेवायचं होतं, कारण वीक अ‍ॅसिडच्या कर्व्हमध्ये जे समजायचं असतं ते जवळजवळ सगळं यात आलंय. नावं देत नाही, मुलगी आणि मुलगा एवढंच म्हणते.

## पार्श्वभूमी

प्रयोग अगदी नेहमीचा. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं द्रावण पिपेटने २५ मिली बीकरमध्ये घ्यायचं, बाटलीवर "अंदाजे ०.१ मोलर" लिहिलेलं. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, ते मात्र त्याच दिवशी स्टँडर्डाइज केलेलं, ०.१००० मोलर. बीकरखाली मॅग्नेटिक स्टरर, आत पीएच मीटरचा इलेक्ट्रोड. थोडं थोडं अल्कली सोडायचं, प्रत्येक वेळी पीएच लिहायचा आणि शेवटी ग्राफ काढायचा. ग्राफवरून दोन गोष्टी काढायच्या होत्या, अ‍ॅसिडची नेमकी मोलॅरिटी आणि त्याचा पीकेए, म्हणजे ते किती वीक आहे हे सांगणारा आकडा.

सुरुवात छान झाली. काही न टाकता पीएच २.८८ होता. १ मिली टाकल्यावर तो एकदम ३.४० झाला, त्यामुळे दोघं खुश. मग २, ३, ४ मिली असं करत गेले आणि पीएच हळूहळू सुस्तावला, ३ मिलीला ३.८६ आणि ६ मिलीला ४.२१. मी तेव्हा दुसऱ्या टेबलवर होते.

## काय अडलं

६ मिलीच्या पुढे त्यांना वाटलं की मीटर अडकलंय. एक मिली टाकलं की पीएच जेमतेम ०.०८ ने हलायचा. मुलाचं म्हणणं इलेक्ट्रोड खराब आहे, मुलीचं म्हणणं अल्कली शिळं असेल, आणि वेळ जात होता म्हणून त्यांनी एक मिलीच्या जागी तीन तीन मिली टाकायला सुरुवात केली. हा पहिला निर्णय, आणि पुढचं सगळं इथूनच सुरू झालं. त्यांचं टेबल असं होतं (मधली १ मिलीची रीडिंग्ज गाळलीत):

| अल्कली (मिली) | पीएच |
|---|---|
| ० | २.८८ |
| ३ | ३.८६ |
| ६ | ४.२१ |
| ९ | ४.४५ |
| १२ | ४.६६ |
| १५ | ४.८७ |
| १८ | ५.१० |
| २१ | ५.४३ |
| २४ | ६.२७ |
| २७ | ११.५७ |
| ३० | ११.८९ |

२४ आणि २७ च्या मधे पीएच पाच युनिटने उडाला आणि त्या उडीच्या आत एकही रीडिंग नाही. त्यांनी दोन ठिपके पट्टीने जोडले आणि इक्विव्हॅलन्स पॉइंट, म्हणजे टाकलेल्या अल्कलीचे मोल अ‍ॅसिडच्या मोलइतके होतात ती जागा, शोधायला लागले.

मुलगी म्हणाली, अ‍ॅसिड आणि बेस बरोबरीने संपले म्हणजे द्रावण न्यूट्रल, म्हणजे पीएच ७. तिने ७ वर आडवी रेघ मारली, ती जोडरेषेला २४.४१ मिलीला कापत होती. मुलगा म्हणाला की इक्विव्हॅलन्स पॉइंट उडीच्या मधोमध असतो, म्हणून त्याने मध्य काढला, २५.५ मिली. मोलॅरिटी एकीची ०.०९७६ आणि दुसऱ्याची ०.१०२०. जवळपास साडेचार टक्क्यांचा फरक, तोही एकाच बीकरमधल्या अ‍ॅसिडसाठी.

## आधी मीटरचा संशय

ते माझ्याकडे आले तेव्हा पहिली तक्रार मीटरचीच होती. मी इलेक्ट्रोड धुवून पीएच ७ च्या बफरमध्ये बुडवायला सांगितला, रीडिंग ७.०१ आलं. मग एका बीकरमध्ये २५ मिली डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि त्याच ब्युरेटमधून ३ मिली अल्कली सोडायला लावलं. पीएच थेट १२ च्या आसपास गेला. म्हणजे मीटर जिवंत होतं आणि अल्कलीही.

मुलीने लगेच विचारलं, "मग मॅडम, तेच ३ मिली अ‍ॅसिडच्या बीकरमध्ये टाकल्यावर जेमतेम ०.२ च का वाढतो? ते जातं कुठे?"

मला हाच प्रश्न हवा होता. सपाट भाग बघितला की मुलांना वाटतं तिथे काहीच घडत नाहीये, खरं तर रिअ‍ॅक्शन तिथे शंभर टक्के चालू असते. टाकलेला प्रत्येक हायड्रॉक्साइड आयन एका अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो आणि मागे अ‍ॅसिटेट राहतं, मोकळा हायड्रॉक्साइड उरतच नाही म्हणून पीएच उडत नाही. पण थोडा वाढतो, कारण अ‍ॅसिड कमी झालं आणि अ‍ॅसिटेट वाढलं, आणि या भागात पीएच या दोघांच्या गुणोत्तरावर चालतो:

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

A- म्हणजे अ‍ॅसिटेट आणि HA म्हणजे उरलेलं अ‍ॅसिड. यात लॉग आहे ना, सगळी गंमत तिथे आहे. १२ मिलीवरून १५ वर गेलो तेव्हा गुणोत्तर साधारण ०.९५ वरून १.५६ झालं, म्हणजे दीडपटीपेक्षा थोडं जास्त, आणि त्याचा लॉग फक्त ०.२१ ने वाढला. टेबलमध्येही ४.६६ चे ४.८७ झालेत, तंतोतंत तेवढेच. हा झाला बफर रीजन. ढोबळ हिशोबाने गुणोत्तर १:१० पासून १०:१ पर्यंत असलं की बफर चांगलं काम करतो, आणि यांच्या प्रयोगात ती हद्द साधारण सव्वादोन मिलीपासून साडेबावीस मिलीपर्यंत येते. म्हणून तर पहिल्या मिलीला पीएच झपकन वाढला होता, तेव्हा बीकरमध्ये अ‍ॅसिटेट जवळजवळ नव्हतंच, बफर अजून तयार व्हायचा होता.

आता तेच ३ मिली २४ च्या पुढे काय करतात बघा. २४ मिलीला इतकं थोडं अ‍ॅसिड उरलेलं की जेमतेम बारा थेंब अल्कलीने संपेल (थेंब साधारण ०.०५ मिलीचा धरला तर), आणि आपण ओतले साठ थेंब. पहिल्या बारात अ‍ॅसिड संपलं आणि उरलेल्या अठ्ठेचाळीसांना अडवायला कोणी नाही. सपाट भागात कंटाळून स्टेप मोठी केली आणि नेमकी जिथे स्टेप लहान हवी होती तिथेच ती मोठी राहिली.

## समोरचे पर्याय

वेळ तासाभराचा उरला होता. त्यांच्यासमोर साधारण तीन रस्ते होते.

मुलीचं उत्तर घ्यायचं, हा पहिला. पण पीएच ७ म्हणजे इक्विव्हॅलन्स हे स्ट्राँग अ‍ॅसिड आणि स्ट्राँग बेसचं गणित आहे. इथे अ‍ॅसिड बरोबर संपतं त्या क्षणी बीकरमध्ये सोडियम अ‍ॅसिटेटचं द्रावण असतं, आणि अ‍ॅसिटेट पाण्याकडून थोडे प्रोटॉन ओढून घेतं. फार थोडे, ०.०५ मोलर अ‍ॅसिटेटमधून हायड्रॉक्साइड साधारण ५ × १०⁻⁶ मोलर एवढाच तयार होतो, पण शुद्ध पाण्यातल्या १०⁻⁷ च्या तो पन्नासपट आहे, म्हणून पीएच पावणेनऊच्या आसपास जातो. "इक्विव्हॅलन्स" म्हणजे मोल बरोबरीत आले एवढंच, न्यूट्रल झालं असं ते म्हणतच नाही. ही गफलत मी दरवर्षी बघते आणि शब्दच तसा असल्यामुळे मुलांना दोष देववत नाही.

मुलाचं उत्तर घ्यायचं, हा दुसरा. "उडीच्या मध्यावर" ही कल्पना त्याने बरोबर धरली होती, पण त्याला उडी दिसलीच नव्हती! त्याने काढला तो त्याच्या दोन रीडिंग्जचा मध्य, आणि ती रीडिंग्ज उडीच्या डावीउजवीकडे सारख्याच अंतरावर असतील असं कुणी सांगितलं? त्याने २३ आणि २६ ला रीडिंग घेतलं असतं तर मध्य २४.५ आला असता. त्याचा आकडा अ‍ॅसिडपेक्षा त्याच्या स्टेपवर जास्त अवलंबून होता.

तिसरा रस्ता दोघांनी मिळून सुचवला, दोन्हींचा अ‍ॅव्हरेज घेऊ. तो आला २४.९६ मिली, मोलॅरिटी ०.०९९८, आणि मुलगा एकदम म्हणाला, "मॅडम, बाटलीवर ०.१ च लिहिलंय, म्हणजे बरोबर आलं!" हा क्षण मला सगळ्यात धोक्याचा वाटला. लेबलशी जुळलं म्हणून दोघं शांत झाले होते, वाद मिटला होता, आणि जर्नलमध्ये असं लिहिलं असतं तर मी सुद्धा कदाचित बरोबरची खूण केली असती. पण लेबलवर "अंदाजे" लिहिलंय आणि आपण प्रयोग त्यासाठीच करतोय. चुकीच्या पद्धतीने काढलेल्या दोन आकड्यांचा अ‍ॅव्हरेज लेबलजवळ आला यात अ‍ॅसिडने काहीच सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, अरे, पुन्हा करा, पण या वेळी पूर्ण नको.

## काय केलं

पहिला रन वाया गेला नव्हता, उडी २४ आणि २७ च्या मधे आहे हे त्यानेच सांगितलं होतं. म्हणून नव्या २५ मिली अ‍ॅसिडमध्ये थेट १२ मिली सोडलं, १२.० आणि १२.५ ला रीडिंग घेतलं (ते कशासाठी ते पुढे येतं), मग २४ पर्यंत बिनधास्त गेले. तिथून ०.१ ते ०.२ मिलीच्या स्टेप.

२४.२ ला ६.४५, २४.४ ला ६.७५, २४.५ ला ७.०६. मग २४.६ ला ८.७ च्या आसपास, २४.७ ला १०.२१, २४.८ ला १०.५१, २५.० ला १०.८१.

२४.६ चं रीडिंग स्थिर होईना. ८.७ दाखवायचं आणि हळूहळू खाली सरकायचं. मुलगा पुन्हा म्हणाला मीटर गेलं, पण या वेळी मुलीनेच उत्तर दिलं की इथे बफर नाहीये ना. अगदी बरोबर. अ‍ॅसिड संपलेलं, मोकळं अल्कली अजून नाही, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड जरासा विरघळला किंवा ब्युरेटच्या टोकाला अर्धा थेंब लटकला तरी पीएच हलतो. इक्विव्हॅलन्स पॉइंटचा पीएच मीटरवर नेमका वाचायचा हट्ट धरू नये तो यासाठीच, तो हिशोबाने काढावा आणि मीटरकडून फक्त व्हॉल्यूम घ्यावं. ०.१ मिलीमागे पीएच किती वाढला ते मांडलं तर २४.४ ते २४.५ मधे ०.३१, मग दोनदा साधारण दीड दीड, मग पुन्हा ०.३०. सगळ्यात उभा चढ २४.६ च्या दोन्ही बाजूंना सारखा, म्हणून इक्विव्हॅलन्स पॉइंट २४.६ मिली.

## निकाल

मोलॅरिटी ०.०९८४ आली. मुलीचा २४.४ खऱ्याच्या जवळ होता, मुलाचा २५.५ जवळपास एक मिलीने लांब आणि तो सुखावणारा अ‍ॅव्हरेज दीड टक्क्याने चुकलेला. मुलीला मी हेही दाखवलं की बारीक रीडिंग्जवर पीएच ७ ची रेघ मारली तर २४.४८ येतं, म्हणजे चूक अर्ध्या टक्क्याचीच, उभ्या चढावर पीएच थोडा चुकला तरी व्हॉल्यूम फार चुकत नाही. तिची मोठी चूक ७ धरण्यात नव्हतीच, रिकाम्या जागेत पट्टीने रेघ ओढण्यात होती. याच कारणाने फिनॉल्फ्थॅलीन इथे चालतं, त्याचा रंग साधारण ८.२ ते १० मधे बदलतो आणि ती पूर्ण पट्टी या उडीत बसते. मिथाइल ऑरेंज वापरलं असतं तर ३.१ ते ४.४ मधे, म्हणजे बफर रीजनमध्येच, रंग सावकाश बदलत बदलत साडेआठ मिलीच्या सुमाराला बदलून मोकळा झाला असता.

आता पीकेए. निम्म्या इक्विव्हॅलन्सला, म्हणजे १२.३ मिलीला, अर्धं अ‍ॅसिड अ‍ॅसिटेट झालेलं असतं, गुणोत्तर १, लॉग शून्य, आणि पीएच तोच पीकेए. १२.० ला ४.६६ आणि १२.५ ला ४.६९ होतं, म्हणून ४.६८. गंमत म्हणजे त्यांच्या चुकीच्या आकड्यांनीही इथे फार बिघडलं नव्हतं, मुलीच्या निम्म्याला ४.६७ येतो आणि मुलाच्या निम्म्याला ४.७१. जो सपाट भाग त्यांना अडकलेला वाटत होता तो पीकेए वाचायला इतका सोयीचा आहे की व्हॉल्यूम अर्ध्या मिलीने चुकलं तरी तो सांभाळून घेतो. पण व्हॉल्यूम काढायला तो बिनकामाचा, त्यासाठी उभा चढच लागतो.

मुलाने पुस्तकात बघितलं, तिथे ४.७६. त्याला ४.६८ खोडून ४.७५ लिहायचं होतं. मी थांबवलं. पुस्तकातला आकडा अतिशय विरळ द्रावणाचा आहे, आणि इथे त्या पॉइंटला बीकरमध्ये साधारण ०.०३ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट आहे. आजूबाजूला इतके आयन असले की अ‍ॅसिटेट त्याच्या मोजलेल्या प्रमाणापेक्षा थोडं कमी असल्यासारखं वागतं, आणि त्याचा हिशोब केला तर पीएच सुमारे ०.०८ ने कमीच यायला हवा. म्हणजे त्याचं रीडिंग जसं यायला हवं तसंच आलं होतं. ४.७५ आलं असतं तर मी कॅलिब्रेशन तपासायला सांगितलं असतं.

## वेगळं काय करता आलं असतं

स्टेपबद्दल माझीच चूक जास्त. मी सुरुवातीला "थोडं थोडं टाका" एवढंच म्हटलं होतं. आता मी सांगते की ब्युरेटकडे बघून स्टेप ठरवू नका, पीएचकडे बघा, एका स्टेपमध्ये पीएच ०.२ पेक्षा जास्त हलला की पुढची स्टेप निम्मी करा. त्यांच्या टेबलमध्ये १८ ते २१ ला ०.३३ वाढ आहे आणि २१ ते २४ ला ०.८४, म्हणजे उडी येतेय हे कर्व्ह आधीच सांगत होता. आणि ते पाण्यातले ३ मिली मी आता प्रयोगाच्या आधीच करून दाखवते.

पण एक गोष्ट मला खूप उशिरा सुचली, ते दोघं गेल्यावर. दुसरा रन केला नसता तरी चाललं असतं. बफर रीजनच्या प्रत्येक रीडिंगवरून पीकेए काढता येतो, फक्त गुणोत्तर हवं, आणि गुणोत्तर काढायला इक्विव्हॅलन्स व्हॉल्यूम लागतं. व्हॉल्यूम बरोबर धरलं असेल तर सगळ्या रीडिंग्जचा पीकेए जवळजवळ सारखा यायला हवा. मी पहिल्या, टाकून दिलेल्या रनची ६, १५, १८, २१ आणि २४ मिलीची रीडिंग्ज घेऊन बसले.

मुलाचं २५.५ धरलं तर ४.७२, ४.७२, ४.७२, ४.७६ आणि शेवटी एकदम ५.०७. मुलीचं २४.४१ धरलं तर ४.७०, ४.६७, ४.६५, ४.६४ आणि शेवटी घसरून ४.५०. अ‍ॅव्हरेजचं २४.९६ धरलं तरी शेवटचा आकडा ४.८७ वर उडतो. आणि २४.६ धरलं की ४.७०, ४.६८, ४.६६, ४.६६, ४.६७.

सगळं त्या २४ मिलीच्या रीडिंगमध्ये होतं. तिथे अ‍ॅसिड इतकं थोडं उरलेलं की इक्विव्हॅलन्स व्हॉल्यूम ०.२ मिलीने कमी धरलं तरी गुणोत्तर दीडपट होतं आणि तो एक आकडा रांगेतून बाहेर पडतो. अर्थात यात सगळा भार एकाच रीडिंगवर येतो, ते चुकलं तर सगळं चुकलं, म्हणून बारीक स्टेपचा रन मी बंद करणार नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला मी त्या दोघांना त्यांचं जुनं टेबल परत दिलं, २४ ते २७ ची रेघ खोडली आणि म्हटलं, आता नवीन काही न मोजता यातून २४.६ काढून दाखवा. मुलीला वीस मिनिटं लागली.